बांधाचा वाद आणि हद्द कायम मोजणी: अर्जापासून खुणा रोवेपर्यंत

बांध सरकला की सोलापूरकडचा शेतकरी पहिल्यांदा तलाठ्याकडे जातो, तिथून तहसीलला आणि तिथं काही होत नाही म्हटल्यावर पोलीस ठाण्यात. तिन्ही ठिकाणी चकरा होतात आणि बांध आहे तिथंच राहतो. कारण शेताची हद्द मोजून दाखवण्याचं काम यांपैकी कुणाकडेच नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, सातबारा सांभाळतात. तहसीलदार रस्ता, फेरफार, वाटप असले विषय पाहतात. हद्द दाखवतं ते महसूल खात्याचंच दुसरं अंग: तालुक्याचं उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांचं कार्यालय. लोक त्याला सरळ 'मोजणी ऑफिस' म्हणतात. जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांसाठी हे कार्यालय आहे, आणि त्यांच्यावर सोलापुरात जिल्हा अधीक्षक, भूमि अभिलेख बसतात.

या कार्यालयाकडे बिनशेती, पोटहिस्सा, कोर्ट वाटप, भूसंपादन अशा अनेक प्रकारच्या मोजण्या होतात. शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल तर अर्जात लिहायचा प्रकार एकच, 'हद्द कायम'. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३६ मध्ये हितसंबंधित माणसाच्या अर्जावरून सर्व्हे नंबरची किंवा त्याच्या हिश्श्याची हद्द आखून द्यायची तरतूद आहे, तिच्यावरच ही मोजणी उभी आहे. इथं फक्त दोन शेजारच्या शेतांमधली हद्द धरून चालू या.

आधी सातबारा नव्हे, नकाशा काढा

वाद सुरू होतो तो बहुतेक वेळा अशा वाक्यानं: "माझं सातबाऱ्याला एक हेक्टर बासष्ट आर आहे आणि जाग्यावर तेवढं भरत नाही." यातली पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. एक हेक्टर बासष्ट आर हा नुसता आकडा आहे. ते क्षेत्र कुठल्या चार रेषांच्या आत बसतं हे सातबाऱ्यावर कुठंही लिहिलेलं नसतं. ते असतं मोजणी ऑफिसच्या कपाटात. भूकरमापक, म्हणजे सर्व्हेअर, शेतात येतो तेव्हा त्याच्या हातात तेच कागद असतात, त्यामुळे अर्जाआधी त्यांच्या नकला आपणही काढून ठेवाव्यात.

मूळ सर्व्हे नंबरसाठी टिपण असतं. साखळीनं जमीन मोजताना केलेला हा हाताचा आराखडा प्रमाणात काढलेला नसतो, पण मधल्या रेषेवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना मापं मांडलेली असतात. ही मापं साखळी आणि आण्यांत असतात: एक साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे आणा दोन फुटांहून जरासा मोठा. सर्व्हे नंबरचे पुढे हिस्से पडले असतील तर त्यांचा फाळणी नकाशा असतो. एकत्रीकरण योजनेत गट पडलेल्या गावात गट नकाशा आणि योजनेच्या वेळचे जबाब पाहावे लागतात, कारण कुठले जुने हिस्से मिळून गट झाला ते तिथून कळतं. नक्कल अर्ज देऊन यातलं जे उपलब्ध असेल ते मागा. गट नकाशा पाहायचा असेल तर mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर दिसतो, पण तो शेताचा आकार आणि शेजारचे गट कळण्यापुरता. त्यावर फोनचं लोकेशन टाकून बांध ठरवायला बसू नका. प्रमाण १:५००० धरलं तर नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते, आणि तुमचं भांडण नेमकं तेवढ्याच पट्ट्याचं असतं.

आता अर्ज फुकट जाण्याचं सर्वात मोठं कारण, त्यावर थोडं थांबू. समजा गट नंबर २१४ वडिलांच्या नावावर होता. तीन भावांनी तोंडी वाटणी केली, नंतर फेरफार पडला आणि सातबाऱ्यावर तिघांची नावं आपापल्या क्षेत्रासह आली. कधी २१४/१, २१४/२, २१४/३ असे वेगळे सातबारेसुद्धा झाले. पण जागेवर मोजून या हिश्श्यांचा नकाशा कधी तयारच झाला नाही. अशा वेळी मधल्या भावाने "माझी धाकट्याकडची हद्द कायम करून द्या" असा अर्ज केला, तर मोजणी ऑफिसकडे त्या हद्दीचा अभिलेखच नसतो. त्यांच्या दृष्टीने कागदावर एकच रेषा आहे, अख्ख्या २१४ ची बाहेरची. ते ती दाखवतील, भावाभावांमधली आतली रेषा दाखवू शकणार नाहीत. इथं लागते पोटहिस्सा मोजणी. तिला सगळ्या सहधारकांच्या सह्या लागतात, आणि एक भाऊ जरी अडला तरी मार्ग वाटपाकडे वळतो: तहसीलदारांकडे कलम ८५ किंवा दिवाणी न्यायालय.

ओळखायचं कसं? फाळणीची नक्कल मागा. तुमच्या हिश्श्याची रेषा तिच्यावर मापांसह असेल तर हद्द कायमचा अर्ज करा. "फाळणी उपलब्ध नाही" असं उत्तर आलं आणि शेजारी त्याच गटातला भाऊबंद असेल, तर हद्द कायमची फी भरू नका. शेजारचा गट वेगळा असेल तर मात्र अडचण नाही, कारण दोन गटांमधली रेषा मूळ नकाशावर आहेच.

हंगाम बघून अर्ज

मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या भागातली काळी रानं पावसाळ्यात पाय टाकू देत नाहीत. आणि पीक उभं असताना मोजणी करायला गेलं तर सर्व्हेअर "उभे पीक असल्याने मोजणी करता आली नाही" असा शेरा मारून परत जातो, तारीख पुढे ढकलली जाते. ज्वारी-करडई निघाल्यावर, फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत रान मोकळं असतं. तेव्हा तारीख यायला हवी असेल तर अर्ज त्याआधी, हुरड्याच्या दिवसांतच टाकलेला बरा. उन्हाळ्यात सगळ्यांचेच अर्ज पडतात आणि रांग लांबते.

उसाची गोष्ट वेगळी. शेजाऱ्याचा ऊस उभा असला तर हद्दीवरून चालता येत नाही. बांधाकडेचा ऊस कधी तुटणार हे आधी विचारून घ्या. तोडणी होऊन खोडवा गुडघ्याएवढा होईपर्यंत जी फट मिळते तीच मोजणीची वेळ.

अर्ज, फी आणि कागद

अर्ज आता ई-मोजणीच्या संकेतस्थळावरून होतो: emojni.mahabhumi.gov.in. स्वतः भरता येतो, नाहीतर गावातलं सेतू केंद्र भरून देतं. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडला, मोजणीचा प्रकार 'हद्द कायम' घेतला आणि क्षेत्र टाकलं की फी तिथंच निघते. १ डिसेंबर २०२४ पासून वेगाप्रमाणे मोजणीचे दोनच प्रकार राहिले आहेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये लागतात. त्यापुढच्या क्षेत्राला जादा आकार आहे. द्रुतगतीचे पैसे भरण्याआधी एक हिशेब करा: रानात पीक उभं आहे का? असेल तर चौपट पैसे भरूनही तारीख पिकापुढे चालत नाही. पेरणीपूर्वी कोर्टाची तारीख आहे किंवा जमिनीचा व्यवहार अडून बसलाय, असं काही असेल तरच द्रुतगतीला अर्थ.

सोबत ताजा सातबारा, आठ-अ, ओळखपत्र आणि चतुःसीमेची माहिती लागते. सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर आणखी नावं असतील तर त्यांच्या सह्या किंवा संमतीपत्र जोडा. वडील वारले असतील आणि वारसनोंद झालेली नसेल तर आधी ती करून घ्या; मयताच्या नावावरच्या गटाचा अर्ज पुढे सरकत नाही.

चतुःसीमेच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर पस्तावतात. पूर्वेला 'आबांचं रान' असं लिहून चालत नाही. लगतच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा, त्यावरच्या सगळ्या खातेदारांची नावं उतरवा आणि प्रत्येकाचा टपालाचा पत्ता द्या. गावात राहत नसेल तर पुण्याचा, मुंबईचा, जो असेल तो. नोटीस याच पत्त्यांवर जाते. ज्याला नोटीस मिळाली आणि तरी आला नाही, त्याच्या गैरहजेरीत मोजणी होऊ शकते. पण ज्याला नोटीसच गेली नाही तो पुढे "माझ्या पाठीमागे मोजलं" म्हणायला मोकळा होतो, आणि त्याचं ते म्हणणं वरच्या कार्यालयातही आणि कोर्टातही टिकतं. वाद ज्याच्याशी आहे त्याच्या घरातली चार नावं सातबाऱ्यावर असली तर चारही द्या.

ऑनलाइन फॉर्ममध्ये वादाचं स्वरूप सविस्तर लिहायला जागा कमी असते. म्हणून एक साधा अर्जही सोबत जोडावा. भाषा कोरडी ठेवा, शेजाऱ्यावर आरोप करू नका. सर्व्हेअरला उपयोगाची माहिती फक्त एवढीच:

> प्रति,
> मा. उप अधीक्षक, भूमि अभिलेख,
> मोहोळ, जि. सोलापूर.
>
> विषय: गट नं. २१४ ची हद्द कायम मोजणी होणेबाबत.
>
> महोदय,
> मौजे ………, ता. मोहोळ येथील गट नं. २१४, क्षेत्र १ हे. ६२ आर, ही जमीन माझे मालकी वहिवाटीची आहे. सदर गटाच्या पूर्वेस गट नं. २१५ लागून आहे. दोन्ही गटांमधील सरबांध दक्षिण बाजूस मूळ जागेवर राहिलेला नाही, त्यामुळे हद्दीबाबत वाद आहे. तरी अभिलेखाप्रमाणे गट नं. २१४ ची हद्द मोजून पूर्व बाजूच्या हद्दीच्या खुणा जागेवर दाखवून मिळाव्यात. उत्तर बाजूस शिवेवरील जुना दगड आजही जागेवर आहे. मोजणीवेळी तो दाखवण्यास मी हजर राहीन.
> लगतच्या खातेदारांची नावे व पत्ते सोबत जोडले आहेत.
>
> दिनांक: ………
> अर्जदाराची सही

अर्ज स्वीकारला की मोजणी रजिस्टरचा नंबर मिळतो, कार्यालयात त्याला मो. र. नं. म्हणतात. पुढची सगळी विचारपूस याच नंबरावर होते, म्हणून तो सातबाऱ्याच्या मागे लिहून ठेवा. नंतर सर्व्हेअर नेमला जातो, तारीख पडते आणि नोटिसा निघतात.

तारखेआधी रानात काय करायचं

सर्व्हेअर शून्यातून हद्द काढत नाही. त्याला जागेवर एखादी अशी खूण लागते जी नकाशावरही आहे आणि जी सरकलेली नाही. गावशिवेचा दगड, जुनी बांधीव विहीर, ओढ्याचं वळण, दोन गटांच्या कोपऱ्यावर गाडलेला मोजणीचा दगड. हे दगड बऱ्याचदा बांधाच्या मातीत हातभर खाली गेलेले असतात किंवा घाणेरी-बोरीच्या जाळीत लपलेले असतात. गावातला एखादा सत्तरीतला माणूस सोबत घेऊन जुन्या खुणा शोधा, झुडपं तोडून त्या उघड्या करा. हलवू मात्र नका. हद्दीच्या खुणेला हात लावणं, ती काढणं किंवा मोडणं हा कायद्याने दंडपात्र प्रकार आहे, मग ती तुमच्या रानातली का असेना.

शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल तर घरातल्या कुणाला तरी पाठवून निरोप द्या, "तारीख अमुक दिवशी आहे, आबा, तुम्ही या आणि तुमच्या खुणा दाखवा." खटका उडण्याची भीती खरोखरच असेल तर आधीच पोलीस बंदोबस्तासाठी लेखी मागणी करा. दगड, चुना, मजूर याची तयारी अर्जदारानं ठेवायची असते.

मोजणीच्या दिवशी

पूर्वी फळी आणि साखळी असायची, नंतर ईटीएस यंत्र आलं. आता बहुतेक ठिकाणी रोव्हर येतो. काठीवर बसवलेलं हे यंत्र उपग्रहांवरून आणि राज्यात ठिकठिकाणी बसवलेल्या कायम स्थानकांच्या मदतीनं उभ्या जागेचं अक्षांश-रेखांश काही सेंटिमीटरपर्यंत अचूक देतं. त्याला मोकळं आभाळ आणि मोबाइलची रेंज लागते. चिंचेच्या दाट सावलीत किंवा रेंज नसलेल्या खोलगटात ते अडखळतं.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. यंत्र अचूक असलं म्हणून हद्द अचूक होत नाही. रोव्हर फक्त एवढं सांगतो की तुम्ही आता जिथं उभे आहात तो बिंदू कुठं आहे. तुमची हद्द कुठून जाते हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टिपणातूनच ठरतं. दोन्ही एकमेकांवर बसवणं हीच खरी कसोटी, आणि मोजणीतले बहुतेक वाद तिथंच होतात.

म्हणून सर्व्हेअर आधी वहिवाट मोजतो. जाग्यावर आज जो बांध आहे त्याचे बिंदू घेतो, स्थिर खुणांचे घेतो, विहीर, रस्ता, झाडं घेतो. नंतर हा वहिवाटीचा आराखडा अभिलेखाच्या नकाशावर बसवला जातो आणि दोन रेषांत किती फरक पडला ते दिसतं. हे त्याच दिवशी जागेवर होईल असं नाही. बसवणी कार्यालयात होते आणि खुणा दाखवायला सर्व्हेअर पुन्हा येतो.

या दिवशी तुम्ही लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर: वहिवाट फक्त तुमच्या गटाची घेतली, की लगतच्या गटांच्या बाहेरच्या खुणाही घेतल्या? नुसता तुमचाच गट मोजून तो एका कोपऱ्यावर बसवला, तर दुसऱ्या बाजूला क्षेत्र कमी पडतं आणि ती तूट सहज शेजाऱ्याच्या माथी मारली जाते. दोन-तीन गटांपलीकडच्या स्थिर खुणा घेतल्या की नकाशा डावीउजवीकडे सरकवायला जागा राहत नाही. "साहेब, शिवेचा दगड आणि पलीकडची विहीर घेतली का?" एवढं नम्रपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शेजाऱ्यालाही तितकाच आहे.

शेवटी जबाब होतो. त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही दाखवलेल्या खुणांचा उल्लेख त्यात आहे का ते बघा. हरकत असेल तर तोंडी बडबड न करता जबाबातच लिहायला लावा, कारण पुढे कुणी विचारलं तर कागदावरचीच हरकत दिसते.

एक उदाहरण आकड्यांसह

वरच्या अर्जातल्याच गटांचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे केले आहेत. तात्यांचा गट २१४ हा उत्तर-दक्षिण १८० मीटर लांब आणि पूर्व-पश्चिम ९० मीटर रुंद, म्हणजे १६,२०० चौरस मीटर, बरोबर १ हेक्टर ६२ आर. टिपणात पूर्वेची बाजू १७ साखळी १४ आणे लिहिली आहे. साखळी १०.०६ मीटरची धरली तर ती साधारण १८० मीटर होते. म्हणजे कागद आणि सातबारा एकमेकांशी जुळतात. ही तपासणी अर्जाआधी घरी बसूनसुद्धा करता येते. ती जुळली नसती तर मामला हद्दीचा नव्हे, अभिलेखाच्या दुरुस्तीचा ठरला असता.

वहिवाट मोजल्यावर तात्यांच्या ताब्यात १ हेक्टर ५७ आरच्या आसपास भरलं. सुमारे साडेचार गुंठे कमी. तात्यांची खात्री, सगळं पूर्वेच्या २१५ वाल्या आबांनी ओढलंय.

बसवणी झाल्यावर चित्र वेगळं निघालं. पूर्वेच्या बांधाचं उत्तर टोक शिवेच्या दगडाजवळ जागच्या जागी होतं, पण दक्षिणेकडे जाताना बांध हळूहळू तात्यांच्या रानात झुकत गेला होता आणि शेवटच्या टोकाला ३.२ मीटर आत होता. वादाचा पट्टा पाचरीच्या आकाराचा. त्याचं क्षेत्र १८० गुणिले ३.२, भागिले दोन, म्हणजे २८८ चौरस मीटर, पावणेतीन गुंठ्यांहून थोडं जास्त. ट्रॅक्टर वळवताना दरवर्षी नांगराचं एक तास बांधावर चढलं की असंच होतं: ज्या टोकाला ट्रॅक्टर वळतो तिथं बांध जास्त खाल्ला जातो, आणि दुसरं टोक शाबूत राहतं. बांध सगळीकडे सारखाच सरकलेला दिसला असता तर मी आधी बसवणीवरच शंका घेतली असती.

बाकीचं कुठं गेलं? उत्तरेला. तिथली गाडीवाट वर्षानुवर्षं रुंद होत गेली होती आणि ९० मीटर लांबीवर सरासरी दोन मीटर तात्यांच्या गटात आली होती, म्हणजे १८० चौरस मीटर. आबांचा त्याच्याशी काही संबंध नाही. २८८ आणि १८० मिळून ४६८, आणि तेवढीच जमीन कमी होती.

आबांचं उत्तर तयार होतं: "माझं सातबाऱ्याला एक हेक्टर वीस आर आहे आणि माझ्याकडे बरोबर तेवढंच भरतंय. मग तुमचं माझ्यात कसं?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आबांच्या पूर्वेच्या २१६ वाल्याचा बांध आबांच्या रानात तेवढाच सरकला असेल, तर आबांचं रान आकाराने तेवढंच राहून सगळंच पश्चिमेला सरकलेलं असतं. काळ्या रानातल्या लांबट पट्ट्यांत ही साखळी चार-पाच गटांपर्यंत गेलेली सापडते. अशा वेळी आबांनी तात्यांशी भांडण्यापेक्षा आपल्या २१५ चाही हद्द कायमचा अर्ज टाकावा. ते दोघं बोलत असतील तर दोन्ही अर्ज एकदमच टाकणं सर्वात स्वस्तात पडतं, कारण सर्व्हेअर एकाच फेरीत सगळी साखळी बघतो.

नकाशा हातात आल्यावर

खुणा दाखवल्यावर त्या लगेच पक्क्या करा. सर्व्हेअर चुन्यानं रेष मारतो, ती पहिल्या वळवाच्या पावसात जाते. प्रत्येक खुणेवर दगड किमान हातभर खोल पुरा आणि शेजारी हजर असताना फोटो काढा. मग कार्यालयातून मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. तिच्यावर अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते आणि सरकलेल्या भागाचं क्षेत्र लिहिलेलं असतं. हा कागद मिळाला नसेल तर मोजणी पूर्ण झाली असं समजू नका.

निकाल मान्य नसेल, अर्जदाराला वा शेजाऱ्याला, तर पुढची पायरी निमताना मोजणी. तिची फी वेगळी भरावी लागते, आणि पहिल्या मोजणीची तपासणी उप अधीक्षक करतात. त्यावरही हरकत असेल तर जिल्हा अधीक्षकांकडे जाता येतं. निमतान्याच्या अर्जात "मोजणी चुकीची आहे" एवढंच लिहू नका. कुठली स्थिर खूण घेतली नाही, कुणाला नोटीस नव्हती, कुठल्या बाजूचं टिपण वापरलं नाही, हे नेमकं लिहा. त्या अर्जाची खरी ताकद मोजणीच्या दिवशी जबाबात लिहिलेल्या हरकतीत असते.

आणि आता लोकांना सर्वात कमी माहीत असलेली गोष्ट. मोजणी ऑफिस तुम्हाला हद्द दाखवतं, ताबा देत नाही. सर्व्हेअर आबांचं कुंपण काढणार नाही आणि तुम्हीही 'क' प्रत हातात घेऊन ते उपटायला जाऊ नका. गेलात तर तक्रारदार असलेले तुम्हीच आरोपी व्हाल. शेजारी समजूतदार असेल तर दोघांच्या सह्यांचा समझोता लिहून घ्या, त्याला मोजणी नकाशा जोडा आणि पेरणीआधी बांध दोघांच्या खर्चानं नव्या रेषेवर घाला. नसेल तर दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा करावा लागतो. तिथं न्यायालय मोजणी ऑफिसलाच कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजायला लावू शकतं, आणि तुमची 'क' प्रत पुरावा म्हणून उभी राहते.

या दाव्याला वेळेची मर्यादा आहे. शेजाऱ्याने उघडपणे, तुमच्या हक्काला नाकारून बारा वर्षं तो पट्टा कसला, तर मुदत कायदा, १९६३ चा आधार घेऊन तो प्रतिकूल ताब्याचा बचाव घेऊ शकतो. म्हणून जबाबात आणि दाव्यात बांध साधारण कोणत्या वर्षापासून सरकायला लागला ते लिहिणं महत्त्वाचं ठरतं. आबांच्या बाजूनं "वाडवडिलांपासून बांध इथंच आहे" असं लिहिलं जाईल. तात्यांनी त्याचं उत्तर आधीच शोधून ठेवावं: पाइपलाइन खोदल्याची पावती, विहिरीच्या कर्जाचा नकाशा, बांधावरच्या तोडलेल्या बाभळीचा बुंधा. सरळ रेषेत उभे असलेले तीन-चार जुने बुंधे असतील तर त्यांचे बिंदूही मोजणीच्या दिवशी रोव्हरवर घ्यायला सांगा, म्हणजे ते 'क' प्रतीवर येतील.